न वाजणारी शिट्टी

मराठी घरांत संध्याकाळी सातच्या सुमारास कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागतात. नव्याने संसाराला लागलेली मंडळी त्या आवाजाने थोडी दचकतात. लहान मुलं कानांवर हात ठेवतात. पण शिट्टी होणं ही चांगली बातमी असते. आतली जास्तीची वाफ ठरलेल्या वाटेने बाहेर पडते आहे आणि भांडं नीट चाललं आहे, एवढंच ती सांगते. काळजी करायची ती शिट्टी व्हायला हवी तेव्हा झाली नाही तर. अशा वेळी स्वयंपाकघरातलं माणूस बहुधा काय करतं? गॅस थोडा मोठा करतं आणि दुसऱ्या कामाला लागतं.

या गप्प बसण्याची कारणं मुख्यतः तीन असतात. कुकरची रिंग म्हणजे गास्केट सैल झालेलं असतं आणि वाफ झाकणाच्या कडेने निसटत असते. किंवा तळातलं पाणी संपलेलं असतं आणि वाफ तयारच होत नसते. तिसरं कारण सगळ्यांत वाईट: वाफ भरपूर आहे, दाब चढतो आहे, पण बाहेर पडायचं भोक बुजलेलं आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही वेळी दिसतं ते सारखंच, ओट्यावर मुकाट बसलेला कुकर. त्यातलं कोणतं कारण आहे हे ओळखता आलं, तर कुकरचे बहुतेक अपघात टळतात.

आधी हे भांडं चालतं कसं, ते थोडक्यात पाहू. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं आणि गॅस कितीही मोठा केला तरी त्याच्या वर जात नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, तिचा दाब पाण्यावर पडतो आणि पाण्याला उकळायला जास्त उष्णता लागते. आपल्या घरगुती कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर एवढा जास्तीचा दाब तयार होतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत तापतं. त्या २० अंशांमुळेच तासभर शिजणारी डाळ पंधरा-वीस मिनिटांत मऊ होते.

हा दाब किती चढू द्यायचा हे ठरवते ती शिट्टी. झाकणाच्या मध्यावर एक नळी असते, तिला दोन-तीन मिलिमीटरचं भोक असतं आणि त्या भोकावर शिट्टी आपल्या वजनाने बसलेली असते. हिशेब अगदी सरळ आहे. भोक तीन मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर त्याचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरच्या चौदाव्या भागाएवढं येतं. त्यावर एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने खालून जो जोर लागतो, तो जेमतेम ७० ग्रॅमचा. म्हणून शिट्टीचं वजन मूठभर शेंगदाण्यांएवढंच असतं, आणि तेवढ्याच वजनाने सगळा कारभार ताब्यात राहतो. दाब वाढला की शिट्टी उचलली जाते, वाफ निघते, शिट्टी पुन्हा बसते.

ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये जन्मलेला देनी पापँ हा शास्त्रज्ञ लंडनमध्ये काम करत असताना त्याने १६७९ साली हाडंसुद्धा मऊ करणारं एक बंद भांडं बनवलं. वाफ कोंडली की भांडं फुटू शकतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने एका भोकावर वजन टांगलेली झडप बसवली. साडेतीनशे वर्षांत धातू बदलले, आकार बदलले. भोक आणि त्यावरचं वजन मात्र कायम आहे.

आता या दोन-तीन मिलिमीटरच्या वाटेत डाळ कशी येते ते पाहायचं. डाळ उकळायला लागली की तिच्यातली प्रथिनं, पिठूळ अंश आणि साबणासारखा फेस करणारी सॅपोनिन नावाची द्रव्यं पाण्यात उतरतात. यामुळे डाळीचा फेस पाण्याच्या बुडबुड्यांसारखा लगेच फुटत नाही. तो टिकतो, एकावर एक थर चढवत वर येतो आणि येताना सालपटं, कण घेऊन येतो. उघड्या पातेल्यात तो उतू जातो, गॅसची शेगडी पुसावी लागते, एवढ्यावर भागतं. कुकरमध्ये त्याला उतू जायला एकच जागा आहे, ती शिट्टीची नळी. तिथे पोहोचलेल्या फेसातलं पाणी गरम धातूवर आटतं, मागे खळ राहते आणि त्या खळीत एखादं सालपट अडकलं की बूच तयार.

यात शिट्ट्यांचाही हातभार असतो, आणि हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक शिट्टीला आतला दाब एकदम थोडा खाली येतो. १२० अंशांवर शांत असलेलं पाणी दाब उतरताच जोरात उसळतं आणि फेसाचा एक लोट वर जातो. मोठ्या गॅसवर धडाधड सात-आठ शिट्ट्या काढणं म्हणजे डाळ सात-आठ वेळा नळीकडे ढकलणं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं की पूर्ण दाब आला की आच मंद करावी आणि पुढे मिनिटं मोजावीत. आपल्याकडे मात्र पाककृतीच ‘चार शिट्ट्या काढाव्यात’ अशी लिहिली जाते. सवय मोठी आहे, ती एका लेखाने जाणार नाही. पण निदान डाळ थेट कुकरमध्ये शिजत असेल तेव्हा तरी पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून घड्याळाकडे पाहावं. डाळ तेवढीच शिजते, गॅसही कमी लागतो.

‘थेट’ या शब्दावर भर द्यायचं कारण आहे. मराठी घरांत रोजचा कुकर लावतात तो बहुधा डब्यांचा: तळाशी पाणी, खालच्या डब्यात तूरडाळ, वर भात. डाळ उतू गेलीच तर ती खालच्या पाण्यात पडते, नळीपर्यंत सहसा जात नाही. डाळीत हळद-हिंगासोबत तेलाचे दोन थेंब टाकायची जुनी रीतही इथे उपयोगी पडते, कारण तेलाने फेसाचे बुडबुडे फुटतात. अडचण होते ती डबे बाजूला ठेवून भांडंच भरलं जातं तेव्हा: पाहुण्यांसाठी मोठं वरण, मुगाची खिचडी, दालतडका, आणि वर्षातून एकदा येणारं पुरण.

होळीचंच उदाहरण घेऊ. घरात पाच लिटरचा कुकर आहे. एरवी त्यात अर्धा किलो हरभऱ्याची डाळ आणि दीड लिटर पाणी घालून पुरण होतं. कोरडी डाळ पाण्यात बुडाली की अर्धा किलो डाळ जवळपास ३७० मिलिलिटर जागा व्यापते. म्हणजे सगळं मिळून दोन लिटरच्या आत राहतं. कुकर निम्माही भरत नाही. डाळीसाठी निम्मा कुकर ही वरची मर्यादा समजतात, काही पुस्तिका त्याहूनही कमी भरायला सांगतात. वरती रिकामी जागा राहते ती फेसासाठी आणि वाफेसाठी.

यंदा माणसं जास्त आहेत. एक किलो डाळ घेतली जाते. कटाची आमटीही करायची असल्याने पाण्यात काटकसर नाही, तीन लिटर पाणी पडतं. आता बेरीज पावणेचार लिटरच्या आसपास गेली, पाच लिटरच्या भांड्याचा तीन-चतुर्थांश. घाई आहे म्हणून झाकण लावतानाच शिट्टीही बसवली जाते आणि गॅस मोठा केला जातो.

पुढची पंधरा मिनिटं काय घडतं? डाळ उकळायच्या आधीच फेस झाकणाच्या आतल्या बाजूला टेकतो. पहिली खूण दिसते ती पिवळट पाण्याची: शिट्टीच्या बुडातून वाफेऐवजी फेसाळ पाणी थुंकल्यासारखं बाहेर येतं आणि झाकणावर ओघळतं. ते पुसलं जातं. मग शिट्टी अर्धवट फुसफुसते, पूर्ण वाजत नाही. मग तीही थांबते. घरात सगळ्यांचा समज असा की डाळ दुप्पट आहे, वेळ लागणारच. प्रत्यक्षात पहिलं पिवळं पाणी दिसलं तेव्हाच गॅस बंद करायला हवा होता. कुकर तसाच जागेवर निवू देऊन, उघडून, नळी साफ करून, निम्मी डाळ काढून घेऊन पुन्हा लावायचा, एवढाच उपाय होता.

गॅस चालूच राहिला तर दाब चढत जातो. दाबासोबत तापमानही चढतं. जास्तीचा दाब एक किलोवरून दोन किलोवर गेला की वाफ १३३ अंशांच्या पुढे जाते. कुकर बनवणाऱ्यांनी याची सोय केलेली असते. झाकणावर एका बाजूला छोटं बटणासारखं काहीतरी दिसतं, तो सेफ्टी व्हॉल्व्ह. बऱ्याच कुकरांत त्याच्या मध्यात लवकर वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की तो वितळतो आणि वाफेला दुसरी वाट मिळते. बाहेरून झाकण बसणाऱ्या अनेक कुकरांत आणखी एक सोय असते: झाकणाच्या कडेला एक खाच ठेवलेली असते आणि दाब फार वाढला की रबरी रिंग त्या खाचेतून बाहेर फुगून वाफ सोडते. दोन्ही वेळी मोठा आवाज होतो, डाळ भिंतीवर आणि छतावर उडते, सगळे घाबरतात. पण कुकर फुटलेला नसतो. त्याने स्वतःला वाचवलेलं असतं.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की लोक दुकानातून नवा आणतात, ते बरोबर. चूक होते ती ‘पुन्हा उडू नये’ म्हणून केलेल्या उपायांत. कुणी त्या भोकात कथील ओततं, कुणी जाड पत्र्याची चकती बसवून घेतं, कुणी मिळेल तो पाच-दहा रुपयांचा व्हॉल्व्ह लावतं. असा व्हॉल्व्ह कधीच उडत नाही, आणि नेमकी तीच अडचण. शिट्टीची नळी बुजलेली, व्हॉल्व्ह पक्का बंद. मग वाफ सुटते ती झाकणाची कडा वाकवून. कुकर फुटल्याच्या ज्या बातम्या येतात त्यांच्या मुळाशी बहुधा अशी दुहेरी कोंडी असते. आणखी एक गोष्ट: व्हॉल्व्ह उडाला तर त्याला दोष देण्याआधी तो का उडाला हे शोधायचं. नळी बुजली होती की पाणी संपलं होतं? कारण न शोधता नुसता नवा व्हॉल्व्ह बसवला तर पुढच्या महिन्यात तोही उडेल.

इथवर गॅस चालू असतानाच्या गोष्टी झाल्या. भाजण्याचे अपघात मात्र बरेचदा गॅस बंद केल्यावर, झाकण उघडताना होतात.

प्रत्येक घरात एक परीक्षा ठरलेली आहे. चमच्याच्या टोकाने शिट्टी किंचित उचलायची. सुस्स् आवाज आला तर वाफ आहे, नाही आला तर वाफ जिरली. नळी मोकळी असेल तेव्हा ही परीक्षा खरी ठरते. नळी बुजलेली असेल तर मात्र ती चक्क खोटं बोलते. आत पूर्ण दाब असतानाही शिट्टी उचलल्यावर काहीच आवाज येत नाही, कारण वाफेला यायला वाटच नाही. होळीच्या त्या कुकरचा गॅस दहा मिनिटांनी बंद केला, शिट्टी उचलून पाहिली, आवाज नाही, म्हणून झाकणाचा दांडा फिरवायला घेतला, तो जरा घट्ट वाटला, म्हणून जोर लावला. पोळण्याचा अपघात होतो तो या शेवटच्या क्षणी.

दांडा घट्ट वाटण्याला अर्थ असतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. पूर्ण दाब असताना त्याला आतून तीनशे किलोंहून अधिक जोराने ढकललं जात असतं. दाब उतरून एक-दशांश राहिला तरी एकतीस किलो उरतातच. म्हणजे एखादं आठ-नऊ वर्षांचं मूल आतून झाकण ढकलतं आहे आणि आपण ते सोडवायला बघतो आहोत. आतून बसणाऱ्या झाकणाचे जे कुकर असतात, त्यांचं झाकण दाबामुळे उलट घट्ट बसतं आणि दाब संपेपर्यंत खाली पडत नाही. ती रचना या बाबतीत अधिक सुरक्षित आहे. पण तिथेही झाकणावर ठोसे मारून, खाली दाबून उघडणारे लोक आहेतच, आणि असं झाकण निसटलं की वाफ सरळ तोंडावर येते.

झाकण निघालं की दुसरी गोष्ट घडते. १२० अंशांवरचं पाणी एकदम मोकळ्या हवेत आलं तर त्याला १०० अंशांवर यावंच लागतं, आणि जादा उष्णतेने त्यातलं थोडं पाणी क्षणात वाफ बनतं. हे प्रमाण लहान आहे, लिटरमागे साधारण ३७ ग्रॅम. पण तेवढ्या पाण्याची वाफ साठ लिटरहून जास्त होते, म्हणजे पाच लिटरचे बारा कुकर भरतील एवढी. ही वाफ डाळीच्या आतच तयार होते आणि बाहेर पडताना डाळ सोबत घेऊन उडते. साधं पाणी अंगावरून ओघळून जातं. डाळ किंवा पुरण चिकटून बसतं आणि खोलवर भाजत राहतं.

मग वाफ जिरली हे ओळखायचं कसं? नळीबद्दल जराही शंका असेल, म्हणजे शिट्टी नीट झाली नसेल किंवा पिवळं पाणी आलं असेल, तर एकच खात्रीची खूण उरते: भांडं गार होणं. पाणी १०० अंशांच्या खाली आलं की कोंडलेल्या वाफेचा दाब उरत नाही. गॅस बंद करावा, कुकर शेगडीवरून उचलू नये, हलवू नये, शिट्टीला हात लावू नये, सगळ्यांना ओट्यापासून लांब करावं आणि कुकरच्या अंगाला हात लावता येईल इतका तो निवू द्यावा. भरलेल्या मोठ्या कुकरला यासाठी अर्धा-पाऊण तासही लागेल. पुरणपोळ्या उशिरा होतील, होऊ द्याव्यात.

शंका नसेल, शिट्ट्या व्यवस्थित झाल्या असतील, तेव्हाही डाळीच्या कुकरची शिट्टी उचलून वाफ सोडायची घाई करू नये. भाजी किंवा बटाटे असतील तर हळूहळू वाफ सोडता येते. डाळीत दाब एकदम उतरला की फेस पुन्हा उसळतो, नळीतून गरम डाळीची कारंजी उडतात आणि जाताना नळीत थोडी खळ ठेवून जातात. म्हणजे आजची घाई उद्याच्या कोंडीची तयारी करते. अगदीच गडबड असेल तर कुकर सिंकमध्ये ठेवून झाकणाच्या कडेवर गार पाण्याची बारीक धार सोडावी. शिट्टीवर आणि सेफ्टी व्हॉल्व्हवर पाणी पडू देऊ नये. उघडताना झाकण आपल्यापासून पलीकडच्या बाजूने आधी उचलावं, म्हणजे उरलीसुरली वाफ तिकडे जाते. घट्ट खिचडी किंवा पुरण असेल तर वाफ जिरल्यावर, झाकण काढण्याआधी कुकर दोन्ही दांड्यांना धरून हलकेच हलवावा. दाट थरांखाली अडकलेले वाफेचे कप्पे त्याने मोकळे होतात, नाहीतर चमचा घालताच ते उसळतात.

मुळात नळी बुजू नये म्हणून एक जुनी पद्धत आहे आणि ती आता मागे पडते आहे. पूर्वी झाकण लावल्यावर शिट्टी लगेच ठेवत नसत. नळीतून वाफेची सरळ, सलग रेघ वर आली की मग शिट्टी ठेवायची. जुन्या बायका मुलींना ‘वाफ आली का बघ, मग शिट्टी ठेव’ असं सांगत. त्यात दोन कामं होत. आतली हवा बाहेर जाई, आणि वाट मोकळी आहे याची प्रत्येक स्वयंपाकाला तपासणी होई. वाफ येतच नसेल तर दाब चढायच्या आधीच कळे. हल्ली शिट्टी झाकणावर कायमची बसलेली असते, धुतानासुद्धा ती काढली जात नाही. ही एक सवय परत आणता आली तर बाकीचे निम्मे उपाय करावे लागणार नाहीत.

नळीची सफाई अर्ध्या मिनिटाची. शिट्टी काढायची, झाकण दिव्याच्या किंवा खिडकीच्या उजेडाकडे धरायचं आणि भोकातून पाहायचं. पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर कडेला खळ बसली आहे. दाभणाने किंवा जाड सुईने ती काढायची आणि नळाखाली धरून पाणी आरपार जातं का बघायचं. शिट्टीच्या पोटातही डाळ सुकून बसते, ती गरम पाण्यात भिजत घालून धुवायची. मसालेभातातलं तमालपत्र, आमटीतलं आमसूल, कढीपत्त्याचं पान हेही आतून नळीवर चिकटून बसतात. तेव्हा असे पदार्थ थेट कुकरमध्ये करताना पानं वर तरंगती ठेवू नयेत. हरभरे लवकर शिजावेत म्हणून सोडा घालणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की सोड्याने फेस वाढतो. भरपूर डाळ थेट शिजवायची असेल तर आधी झाकण न लावता तिला एक उकळी आणावी, वर येणारा फेस डावाने काढून टाकावा, चमचाभर तेल घालावं आणि मगच झाकण लावावं.

आता गप्प बसलेल्या कुकरचं दुसरं, साधं कारण: रिंग. रोज तापून आणि निवून रबर हळूहळू कडक होतं, ताणून मोठं होतं, त्याला बारीक चिरा पडतात. मग वाफ कडेने निसटते, दाब पुरता चढत नाही आणि शिट्टी होत नाही. ही बाब ओळखणं सोपं आहे. झाकणाच्या कडेला वाफ दिसते, पाण्याचे थेंब गळतात, फुसफुस ऐकू येते. याउलट कुठूनच वाफ येत नसेल, कुकर चांगला तापलेला असेल आणि तरी शिट्टी होत नसेल, तर नळीवर संशय घ्यायचा आणि गॅस बंद करायचा. गप्प कुकर समोर असताना मोठ्या गॅसकडे हात जाण्याआधी एवढंच बघायचं: वाफ कुठून येते आहे?

झिजलेल्या रिंगेने कुकर फुटत नाही, म्हणून लोक तिला महिनोन्महिने चालवून घेतात. नुकसान वेगळ्या रीतीने होतं. डब्यांच्या कुकरमध्ये तळाशी पेला-दोन पेले पाणी असतं. ते कडेने वाफ होऊन जातं, कुकर कोरडा पडतो, तळ करपतो आणि कोरड्या उष्णतेने सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो. तोवर डाळ अर्धी कच्चीच. याहून वाईट म्हणजे गळती थांबवायला केलेले घरगुती उपाय: कडेला कणकेचा लेप देणं, रिंगेखाली दोरा गुंडाळणं, झाकणावर वरवंटा ठेवणं. रिंग थोडा वेळ गार पाण्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवली की ती आवळते आणि एक वेळचा स्वयंपाक निघतो. हे खरं आहे, पण ती सूचना आहे, नवी रिंग आणायची. लेप आणि वजनं मात्र सरळ धोक्याची, कारण ज्या कडेने रिंग जादा दाब सोडणार होती तीच कडा आपण बंद करतो.

रोज वापर असेल तर रिंग वर्षभरात बदलावी. बोटांनी दुमडून पाहिली आणि चिरा दिसल्या, किंवा झाकणात बसवल्यावर ती ढिली पडून लोंबू लागली, तर त्याआधीच. धुताना ती दर वेळी झाकणातून काढावी, तिच्या खोबणीत डाळीचा चिकटा साचतो. धुतल्यावर ती झाकणात ताणून न ठेवता मोकळी सुकवावी. नवी रिंग आणताना ‘पाच लिटरची द्या’ एवढं सांगून भागत नाही. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या रिंगांच्या जाडीत फरक असतो, आणि एकाच कंपनीच्या दोन प्रकारच्या कुकरांतही असू शकतो. त्या त्या कंपनीचीच रिंग घ्यावी आणि शंका असली तर दुकानात झाकणच सोबत न्यावं.

नवा कुकर घ्यायचा तर त्यावर आयएसआयची खूण आणि ‘आयएस २३४७’ हा मानकाचा क्रमांक पाहावा. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या गुणवत्ता आदेशाने घरगुती प्रेशर कुकरला हे मानक सक्तीचं झालं आहे. तरीही खूण नसलेला माल विकला जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन्ही ऑनलाइन बाजारांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंड केला आणि ग्राहकांना कळवून ते कुकर परत घ्यायला, पैसे परत करायला सांगितलं. अॅमेझॉनवरून असे २,२६५ कुकर विकले गेले होते, फ्लिपकार्टवरून ५९८. स्वस्तात मिळालेला, लग्नात आहेर म्हणून आलेला किंवा कार्यालयातल्या सोडतीत लागलेला कुकर घरात असेल तर त्याचं झाकण आणि तळ एकदा उलटून पाहावा.

एवढं करूनही वाफेने भाजलंच, तर त्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी सोडावं. अंगठ्या, बांगड्या सूज यायच्या आत काढाव्यात. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काहीही लावू नये. चेहरा किंवा डोळे भाजले असतील, किंवा तळहाताहून मोठी जागा भाजली असेल, तर पाणी सोडून झाल्यावर थेट दवाखाना गाठावा.